दोन आकड्यांतून घंटेचा आकार

समजा, एका दूधसंघात अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरणारे यंत्र बसवायचे आहे. यंत्र सरासरी ५०५ मिलिलिटर दूध सोडते, पण प्रत्येक पिशवीत अगदी तेवढेच नाही. बहुतेक पिशव्या ५०५ च्या आगेमागे भरतात. ५०९ किंवा ५०१ च्या पिशव्याही बऱ्याच निघतात, ५१३ किंवा ४९७ च्या मात्र मोजक्याच. आलेखावर मांडले तर मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारा, घंटेसारखा वक्र मिळतो. सांख्यिकीत याला प्रसामान्य किंवा सरळ ‘नॉर्मल’ वितरण म्हणतात. पिशव्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत हे प्रमाण विचलनावरून कळते. इथे ते ४ मिलिलिटर धरू.

एकट्या पिशवीबद्दलचा प्रश्न सोपा आहे. ५०० पेक्षा कमी भरलेल्या पिशव्या किती, याचे उत्तर छापील तक्त्यात सापडते: शंभरात साडेदहा. पण दर अर्ध्या तासाने कामगार एक पिशवी उचलून मोजत असेल आणि ती हलकी वाटली की यंत्राचा स्क्रू थोडा फिरवत असेल, तर दिवसाअखेर काय चित्र दिसेल? हे तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी संगणकावर हजारो खोट्या पिशव्या भराव्या लागतात आणि प्रत्येकीतले दूध घंटेच्या नियमानेच कमीजास्त ठेवावे लागते.

इथे अडचण येते. संगणकाला यादृच्छिक आकडा मागितला की तो शून्य ते एक यांमधला कुठलाही आकडा देतो आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच असते. ०.०३ जितक्या वेळा येईल तितक्याच वेळा ०.५१ येईल. याला एकसमान वितरण म्हणतात. त्याच्या आलेखाला मधे उंचवटा नसतो, कडेला उतारही नसतो, तो सपाट असतो. या सपाट आकड्यांपासून घंटा कशी घडवायची?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याचे एक उत्तर छापील पुस्तक हे होते. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९५५ साली दहा लाख यादृच्छिक अंकांचे पुस्तक काढले. त्यात घंटेच्या नियमाने पडणारे एक लाख आकडेही वेगळे छापले होते. संशोधकाने पान उघडायचे आणि आकडे उतरवून घ्यायचे. पण संगणकाच्या त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीत असा तक्ता ठेवणे महाग पडे. दुसरी युक्ती बेरजेची होती. बारा सपाट आकडे घेऊन त्यांची बेरीज करायची आणि तिच्यातून सहा वजा करायचे. बरेच स्वतंत्र आकडे मिळवले की बेरीज घंटेकडे झुकते आणि बारा घेतले की प्रमाण विचलन बरोबर एक येते. आयबीएमच्या शास्त्रीय गणनेसाठीच्या प्रोग्रॅम-संचातही ही रीत होती. घंटेचा मधला भाग तीत छान जमतो, टोके मात्र आखूड राहतात, कारण अशी बेरीज उणे सहाच्या खाली किंवा अधिक सहाच्या वर जाऊच शकत नाही आणि त्या सीमांच्या बऱ्याच अलीकडेच ती विरळ होऊ लागते. पूर, विमा, यंत्राचा बिघाड अशा विषयांत तर नेमकी टोकेच महत्त्वाची असतात.

१९५८ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात जॉर्ज बॉक्स आणि मर्व्हिन मुलर यांचे जेमतेम दोन पानांचे टिपण आले. बॉक्स मूळचे इंग्लंडचे. रसायनशास्त्र शिकता शिकता, दुसऱ्या महायुद्धातल्या प्रयोगांचे आकडे लावण्याच्या गरजेतून ते सांख्यिकीकडे वळले होते. टिपण लिहिले तेव्हा ते प्रिन्स्टनमध्ये होते. त्यांनी दिलेली रीत दोन सपाट आकडे घेते आणि घंटेच्या नियमाचे दोन आकडे परत देते. तिच्यात अंदाजाचा भागच नाही, गणित तंतोतंत आहे.

मुळात एकच आकडा घंटेत बसवायला गेले की गणित अडते. अमुक मर्यादेच्या आत किती टक्के आकडे येतील हे सांगणारे, नेहमीच्या क्रियांनी बनणारे सुटसुटीत सूत्र नॉर्मल वितरणाला नाही. म्हणून तर तक्ते छापावे लागले. पण एकाऐवजी दोन आकडे एकदम घेतले की गाठ सुटते.

आलेखाच्या कागदावर एक बिंदू काढायचा. त्याचे आडवे अंतर नॉर्मल नियमाने ठरवायचे आणि उभे अंतरही स्वतंत्रपणे त्याच नियमाने. असे हजारो बिंदू काढले तर पाटावर वरून सोडलेल्या रांगोळीसारखा ठिपका उमटतो. मधे दाट, बाहेर विरळ, आणि कुठल्याही दिशेला जास्त कललेला नाही. याचे कारण वितरणाच्या सूत्रातच आहे. आडव्या अंतराची शक्यता त्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते, उभ्याची त्याच्या वर्गावर. दोन स्वतंत्र शक्यतांचा गुणाकार करताना घातांकातल्या या दोन वर्गांची बेरीज होते. आडव्याचा वर्ग अधिक उभ्याचा वर्ग म्हणजे पायथागोरसच्या नियमाने केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग. म्हणजे एखाद्या जागी बिंदू किती दाट पडतील हे ती जागा केंद्रापासून किती दूर आहे एवढ्यावरच ठरते, दिशा कुठली याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. आडवे आणि उभे अंतर स्वतंत्र असूनही ठिपका असा गोल पडणे हा गुण फक्त नॉर्मल वितरणातच सापडतो. एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेल आणि जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी नेमका हाच धागा पकडला होता.

म्हणून बिंदू कुठे पडला हे दोन सोप्या प्रश्नांत सांगता येते: कुठल्या दिशेला, आणि किती दूर?

दिशेचा प्रश्न लगेच सुटतो. सगळ्या दिशा सारख्याच शक्यतेच्या आहेत, तेव्हा एक सपाट आकडा घेऊन त्याला ३६० अंशांनी गुणले की झाले. अंतराचे गणितही इथे सुटते. केंद्रापासून दूर जावे तसे वर्तुळाचा परीघ वाढतो, आणि या वाढीचा जो जादा गुणक सूत्रात येतो त्यामुळे एकट्या आकड्याला अडलेली बेरीज आता पुरी होते. उत्तरही सुटसुटीत निघते: बिंदू r पेक्षा दूर पडण्याची शक्यता आहे exp(-r²/2). हजार बिंदू टाकले तर १ या अंतरापलीकडे सुमारे ६०७ पडतात, २ पलीकडे १३५ आणि ३ पलीकडे अवघे ११.

आता हाच प्रश्न उलटा विचारायचा. संगणकाने ०.३० हा सपाट आकडा दिला. त्याचा अर्थ असा घ्यायचा की ज्या अंतरापलीकडे तीस टक्के बिंदू पडतात ते अंतर हवे आहे. वरचे सूत्र उलटवले की ते मिळते: आकड्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, उणे दोनने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. पूर्ण रीत एवढीच:

```
r = sqrt(-2 · ln(u1))
t = 2π · u2
x = r · cos(t)
y = r · sin(t)
```

शाळेतले लॉग टेबल किंवा साधा कॅल्क्युलेटर घेऊन हे करून पाहता येते. पहिला आकडा ०.३० आणि दुसरा ०.१५ आला असे धरू. ०.३० चा नैसर्गिक लॉग −१.२०४ आहे. उणे दोनने गुणल्यावर २.४०८ मिळतात, त्याचे वर्गमूळ १.५५२. हे झाले अंतर. दिशेसाठी ०.१५ गुणिले ३६० म्हणजे ५४ अंश. ५४ अंशांचा कोसाइन ०.५८८ आणि साइन ०.८०९. अंतराने गुणल्यावर ०.९१ आणि १.२६ हे दोन आकडे हाती येतात. दुधाच्या यंत्रासाठी प्रत्येकाला ४ ने गुणून ५०५ मिळवायचे. पहिल्या पिशवीत सुमारे ५०८.६ मिलिलिटर, दुसरीत ५१०.

पुढची जोडी ०.०२ आणि ०.६० आली तर? ०.०२ हा लहान आकडा, तेव्हा अंतर मोठे, २.८० येते. दिशा २१६ अंश, म्हणजे आलेखाचा खालचा डावा चतकोर. आकडे येतात −२.२६ आणि −१.६४, आणि पिशव्या भरतात सुमारे ४९६ व ४९८.४. दोन्ही ५०० च्या खाली.

इथे चाणाक्ष वाचकाला शंका येईल. दोन्ही आकडे एकाच अंतरातून आणि एकाच कोनातून निघाले, मग त्यांना एकमेकांपासून स्वतंत्र कसे म्हणायचे? एका पिशवीचा तुटवडा दुसरीला चिकटत तर नाही ना? त्यासाठी पुन्हा त्या गोल ठिपक्याकडे पाहायचे. आडवे अंतर −२.२६ असलेले सगळे बिंदू घेतले, म्हणजे ठिपक्याची एक उभी चिंचोळी पट्टी कापली, तर त्या पट्टीतले बिंदू शून्याभोवती त्याच घंटेच्या आकारात पसरलेले दिसतात. मधली पट्टी कापली तरी आकार तोच, फक्त बिंदू जास्त. म्हणजे पहिला आकडा कळल्याने दुसऱ्याबद्दल काहीच माहिती मिळत नाही. अंतरामुळे दोघांत जे नाते निर्माण व्हायला हवे होते ते कोनाने पुरते पुसले जाते. वरच्या जोडीत दोन्ही पिशव्या हलक्या निघाल्या तो निव्वळ योगायोग आहे. कोन १४४ अंश आला असता तर पहिली तेवढीच हलकी राहून दुसरी भरघोस निघाली असती.

पायथन भाषेत हे असे लिहितात:

```python
from math import sqrt, log, cos, sin, pi
from random import random

def jodi():
    u1 = 1.0 - random()
    u2 = random()
    r = sqrt(-2.0 * log(u1))
    t = 2.0 * pi * u2
    return r * cos(t), r * sin(t)
```

यात `1.0 - random()` कशाला, असा प्रश्न पडेल. संगणकाचा यादृच्छिक आकडा शून्य असू शकतो, पण एक कधीच नसतो. शून्याचा लॉग अस्तित्वात नाही, त्यामुळे तसा आकडा आला की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. कोट्यवधी वेळा चालून एखाद्या रात्री अचानक बंद पडणारा असा दोष शोधताना नाकी नऊ येतात. एकातून वजा केल्यावर शून्याच्या जागी एक येतो, आणि एकाचा लॉग शून्य असल्यामुळे बिंदू केंद्रावर पडतो, इतकेच.

दुसरी मर्यादा टोकांची आहे. गणित तंतोतंत असले तरी संगणकाचे आकडे बारीक पायऱ्यांनीच चालतात. सगळ्यात लहान पायरी जेवढी, तेवढ्यापुरतेच दूरचे अंतर मिळू शकते. जुन्या काही संगणकांवर ३२,७६८ एवढ्याच वेगळ्या किंमती मिळत. पायरी एकाला ३२,७६८ ने भागण्याइतकी असली तर आकडा ४.५६ च्या पलीकडे जाऊच शकत नाही. खऱ्या नॉर्मल वितरणात त्यापलीकडची किंमत साधारण दोन लाखांत एकदा येते. कोटभर आकडे काढणाऱ्याला अशा पन्नासेक किंमती मिळायला हव्या होत्या, त्याला एकही मिळणार नाही. ३२ बिटांच्या आकड्यात ही भिंत ६.६६ वर सरकते आणि पायथनच्या ५३ बिटांच्या आकड्यात ८.५७ वर. एवढ्या दूरची किंमत प्रत्यक्ष कामात सहसा लागत नाही.

तिसरा दोष जास्त लबाड आहे, कारण तो रीतीत नसून तिला पुरवलेल्या कच्च्या मालात असतो. बॉक्स आणि मुलर यांच्या गणिताला दोन स्वतंत्र आकडे लागतात. संगणक आकडे काढतो ते मात्र हिशोबाने. फार काळ चाललेली एक रीत अशी: आधीच्या पूर्णांकाला १६,८०७ ने गुणायचे, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचे आणि बाकी ठेवायची. ती बाकी पुन्हा त्याच भाजकाने भागली की शून्य ते एक यांमधला आकडा मिळतो. एकेकटे पाहिले तर हे आकडे चांगले सपाट दिसतात. पण लागोपाठचे दोन घेऊन पहिल्यापासून अंतर आणि दुसऱ्यापासून दिशा ठरवली तर काय होते?

समजा, पूर्णांक १० आला. भागल्यावर सपाट आकडा ०.००००००००४७ इतका चिमुकला, त्यामुळे अंतर ६.१९ एवढे मोठे. पुढचा पूर्णांक १,६८,०७०. भागल्यावर तोही लहानच, ०.००००७८. ३६० ने गुणले तर कोन एका अंशाच्या तिसाव्या-पस्तिसाव्या भागाइतका, म्हणजे जवळजवळ शून्य. बिंदू उजवीकडे सरळ रेषेत दूर जाऊन पडतो. यात नशिबाचा भाग नाही. पहिला आकडा अतिशय लहान असेल तेव्हा दुसरा बरोबर त्याच्या १६,८०७ पट असतो आणि तोही लहानच राहतो. म्हणजे जेव्हा जेव्हा अंतर खूप मोठे, तेव्हा तेव्हा दिशा ठरलेली. बिंदूंचा गोल ठिपका नीट निरखला तर तो ठिपका नसून एकच लांबलचक सर्पिल रेषा असल्याचे दिसते.

याचा परिणाम मोजता येतो. बिंदूला पूर्ण डावीकडे जायचे तर कोन १८० अंश हवा, म्हणजे दुसरा आकडा ०.५. तो तसा पहिल्यांदा होतो तेव्हा पहिला आकडा ०.००००३ च्या आसपास पोचलेला असतो आणि अंतर ४.५७ पर्यंत खाली आलेले असते. म्हणून आडवा आकडा उजवीकडे ६.५५ पर्यंत जाऊ शकतो, पण डावीकडे सुमारे −४.५७ ला थांबतो. एक अब्ज जोड्या काढल्या तर खऱ्या नॉर्मल वितरणात −४.५७ च्या खाली चोवीसशेच्या आसपास किंमती यायला हव्यात. इथे एकही येत नाही. अशा गुणाकारी जनकांशी या रीतीची जोडी लावताना टोके कशी बिघडतात, हे एच. आर. नीव्ह या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ साली दाखवून दिले.

दुधाच्या हिशोबात हा दोष बहुधा कळणारही नाही, कारण तिथे दोन-तीन प्रमाण विचलनांपलीकडे कोणी जात नाही. पण लाखांत एकदा होणाऱ्या नुकसानीचा अंदाज बांधणाऱ्याला डावे टोक सापडणारच नाही, आणि सरासरी व प्रमाण विचलन तपासले तर दोन्ही बिनचूक दिसतील. म्हणून तपासणी टोकांवर करायची. उणे चारच्या खाली किती आकडे पडले आणि अधिक चारच्या वर किती, हे वेगवेगळे मोजायचे. दहा लाख आकड्यांत दोन्हीकडे बत्तीसच्या आसपास यावेत. दहा-बाराचा फरक योगायोगाने पडतो. एक बाजू वरचेवर रिकामी दिसली, किंवा फार दूरच्या बिंदूंचे कोन काढल्यावर ते एकाच दिशेला गोळा झालेले आढळले, तर जनक बदलायचा. पायथनमध्ये मुळातच मर्सेन ट्विस्टर हा जनक येतो. तिथे लागोपाठच्या दोन आकड्यांत असे थेट गुणाकाराचे नाते नसते.

या रीतीत पुढे सुधारणाही झाल्या. साइन-कोसाइन काढायला संगणकाला वेळ लागे. जॉर्ज मार्सालिया यांनी ते टाळले. चौरसात यादृच्छिक बिंदू टाकायचा, तो आतल्या वर्तुळाबाहेर पडला तर फेकून द्यायचा आणि आत पडला तर त्याचीच दिशा वापरायची. शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर बिंदू कामी येतात, बाकीचे वाया जातात, तरी त्या काळी हे स्वस्त पडे. २००० साली त्यांनीच वाई वान त्सांग यांच्याबरोबर ‘झिगुराट’ नावाची आणखी वेगवान रीत दिली. ती घंटेच्या आकाराचे आडवे थर पाडते आणि बहुतेक वेळा लॉग काढायची पाळीच येऊ देत नाही. पायथनच्या नम्पाय ग्रंथालयातला नवा जनक तीच वापरतो.

पायथनच्या स्वतःच्या `random.gauss` मध्ये मात्र बॉक्स-मुलरच आहे. तो दोनांपैकी एक आकडा लगेच देतो आणि दुसरा पुढच्या मागणीसाठी राखून ठेवतो. दोन धागे एकाच क्षणी मागणी करू लागले तर दोघांच्या हाती एकच आकडा पडू शकतो, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसाठीच्या cuRAND मध्येही ही रीत वापरात आहे. तिथे हजारो गणिते एका तालात चालतात, आणि काही बिंदू फेकून पुन्हा काढायचे झाले तर बाकीच्यांना थांबून राहावे लागते. बॉक्स-मुलरच्या रीतीत काहीच फेकले जात नाही. प्रत्येक जोडीसाठी तेवढ्याच पायऱ्या, तेवढाच वेळ आणि बरोबर दोन आकडे.